‘टमाटे दीडशे कॅरेट, भारी माल, सोमवारी रात्री दोनला’

एप्रिल उजाडला की परभणीच्या भाजी बाजारात गावाजवळचा टोमॅटो कमी होत जातो. पारा चाळिशी ओलांडतो, फुलं गळतात, फळ धरत नाही, आणि जे धरतं त्यावर उन्हाचे चट्टे पडतात. मग ठोक व्यापारी बाहेरचा माल मागवतो. नारायणगावशी बोलणं मराठीत होतं, तिथे अडचण कमी. पण माल कर्नाटकातल्या कोलारहून किंवा आंध्रातल्या मदनपल्लीहून यायचा असेल, तर भाव फोनवर मोडक्यातोडक्या हिंदीत ठरतो आणि लेखी ऑर्डर इंग्रजीत जाते. ती लिहिणारा बहुतेक वेळा स्वतः व्यापारी नसतो. दुकानातला मुनीम असतो, मालकाची कॉलेजात शिकणारी मुलगी असते, नाहीतर शेतकरी उत्पादक कंपनीत संगणकावर बसणारा मुलगा असतो. हा लेख त्या लिहिणाऱ्यासाठी आहे.

समजा, मालकाने व्हॉट्सॲपवर असा आवाजी निरोप टाकला: ‘कोलारवाल्याला लिहून टाक. टमाटे दीडशे कॅरेट, भारी माल पाहिजे, रंग फुटलेला, फुटका नको, हलका तर बिलकुल नको. सोमवारी रात्री दोनला गाडी लागली पाहिजे. आन् आठ दिवसांनी परत एवढाच माल.’

मालकाला यात सगळं सांगून झालंय असं वाटतं, आणि त्याच्या नेहमीच्या अडत्याला ते कळेलही. पण इंग्रजी ऑर्डर वाचणारा माणूस मालकाला ओळखत नाही. त्याला जे कागदावर दिसेल तेवढंच खरं. म्हणून वाक्यामागून वाक्य इंग्रजीत उतरवायला बसू नका. आधी निरोप फोडा: माल कोणता, प्रत कोणती, नग किती, एका नगात वजन किती, कुठे आणि किती वाजता. यातला जो रकाना निरोपात सापडत नाही, तो स्वतःच्या अंदाजाने भरायचा नाही. मालकाला विचारायचा. या कामात भाषेपेक्षा या विचारण्यालाच जास्त किंमत आहे.

आकड्यापासून सुरुवात करू. दीडशे म्हणजे १५०, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण सव्वाशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे हे आकडे घाईत लिहिताना हात घसरतो, कारण इंग्रजीत पाव-पाऊण जोडून आकडा बोलायची अशी रीत नाही. पावणेदोनशे ऐकताना कानात ‘दोनशे’ राहतं आणि २०० टाइप होतं. खरे ते १७५. फोनवर एकतीस आणि एकोणतीस यांचीही अशीच गल्लत होते. उपाय सोपा आहे. शब्दात ऐकलेला प्रत्येक आकडा आधी अंकात लिहा आणि एकेक अंक सुटा उच्चारून मालकाला वाचून दाखवा: ‘एक, सात, पाच, बरोबर?’ चिठ्ठी हाताने लिहिलेली असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. देवनागरी १ आणि इंग्रजी ९, देवनागरी ४ आणि इंग्रजी ८ हे हस्ताक्षरात एकमेकांसारखे दिसतात. मराठी अंकांची चिठ्ठी परप्रांतात फोटो काढून पाठवू नये ती यासाठी.

‘पंधराएक’, ‘पन्नासेक’, ‘दहा-बारा’ असं काही निरोपात असेल तर ते ऑर्डरमध्ये तसंच जाऊ शकत नाही. पंधराएक म्हणजे पंधराच्या आसपास. इंग्रजीत ‘अबाउट फिफ्टीन’ लिहिलं तर समोरचा त्याच्या सोयीचा आकडा धरणार. मालाला भाव नसेल तेव्हा अठरा भरणार, भाव चढला की बारा. मालकाला खालची आणि वरची हद्द विचारा आणि ‘किमान १४, कमाल १६’ असं लिहा.

आता कॅरेट. आपल्याकडे बाजारात सगळे कॅरेट म्हणतात. इंग्रजीत तो क्रेट. उच्चारावरून स्पेलिंग केलं की सोन्याचा कॅरेट होतो नाहीतर गाजर होतं, आणि भाजीच्या ऑर्डरमध्ये गाजर लिहून जाणं ही विनोदाची गोष्ट राहत नाही. पण स्पेलिंगपेक्षा मोठा घोळ वजनाचा आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं कॅरेट २० किलोंचं धरतात. कोलारच्या बाजारात भाव १५ किलोंच्या पेटीवर बोलला जातो. मालकाच्या डोक्यात नारायणगावचं कॅरेट असतं. त्याच्या हिशेबाने दीडशे कॅरेट म्हणजे ३,००० किलो माल. कोलारवाला दीडशे पेट्या भरणार, म्हणजे २,२५० किलो. ७५० किलो माल कमी येणार, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नसणार. भाव नगावर ठरला असेल तर फटका आणखी बसतो. ४०० रुपये कॅरेट ऐकून मालकाने मनात किलोला २० रुपये धरलेले असतात. १५ किलोंच्या पेटीला तोच भाव किलोमागे साडेसव्वीस रुपयांच्या वर जातो.

म्हणून नगाशेजारी ‘भरती’ लिहिल्याशिवाय ऑर्डर सोडायची नाही. भरती म्हणजे एका नगात भरलेलं वजन. इंग्रजीत ते ‘नेट वेट पर क्रेट’ असं जातं, आणि त्यातला ‘नेट’ हा शब्द गाळायचा नाही. रिकाम्या प्लॅस्टिक कॅरेटचं वजन साधारण दीड-दोन किलो असतं. १५ किलो बारदानासकट धरले की बारदानाविना, हे लिहिलं नसेल, तर दीडशे नगांत सव्वादोनशे किलोंचा फरक सहज निघतो. त्याखाली एकूण निव्वळ वजनही लिहा. नग, भरती आणि एकूण हे तीन आकडे समोरासमोर असले की गुणाकार चुकलाय का ते कोलारचा मुनीमही तपासतो, आणि गैरसमज गाडी भरायच्या आधी फुटतो. रिकामी कॅरेटं परत जायची आहेत की त्यांचे पैसे पट्टीत लागणार, तेही एका ओळीत विचारून घ्या.

प्रतीकडे वळू, खरी डोकेदुखी इथे आहे. ‘भारी माल’ म्हणजे वजनदार नव्हे आणि ‘हलका’ म्हणजे वजनाला कमी नव्हे, हे मराठी लिहिणाऱ्याला माहीत असतं. तरीही मोबाइलवरच्या भाषांतरात ‘हेवी’ आणि ‘लाइट’ येतं आणि घाईत ते तसंच पुढे जातं. टोमॅटोत ‘लाइट’ वाचून समोरच्याला फिका रंग वाटू शकतो. मग ‘भारी’साठी काय लिहायचं? ‘बेस्ट क्वालिटी’ लिहिलं तर वाया गेलं. प्रत्येक विकणाऱ्याचा माल त्याच्या मते बेस्टच असतो.

काही जण इथे ‘एक्स्ट्रा क्लास’ लिहितात, कारण ते ऐकायला बरं वाटतं. ते टाळा. एक्स्ट्रा क्लास, क्लास वन, क्लास टू ही ॲगमार्कची ठरलेली नावं आहेत. १९३७ च्या शेतमाल प्रतवारी कायद्याखाली फळं-भाज्यांसाठी २००४ साली जे नियम झाले, त्यांत एक्स्ट्रा क्लासमध्ये नगाने किंवा वजनाने ५ टक्के आणि क्लास वनमध्ये १० टक्के माल प्रतीत न बसणारा चालतो. मालक ‘भारी’ म्हणाला तेव्हा त्याच्या डोक्यात हे नियम नव्हते आणि कोलारचा माल त्या नियमाने निवडून येणार नाही. जी प्रत कुणी तपासणार नाही तिचं नाव लिहिलं, तर भांडणाच्या वेळी त्या नावाचा उपयोग होत नाही.

मालकाला तीन प्रश्न विचारा. केवढं फळ? कोणता रंग? खराब किती चालेल? पहिल्याचं उत्तर तो हाताने दाखवेल, ‘एवढं’ म्हणून. मिलिमीटरमध्ये तो बोलणार नाही आणि बोलायची गरजही नाही. त्याला विचारा, किलोत किती बसतात. बारा ते चौदा म्हणाला, तर साधारण ७० ते ८५ ग्रॅमचं फळ झालं. इंग्रजीत ‘किलोला १२ ते १४ नग’ लिहिलं की कोलारमध्ये ताजवा असलेला कुणीही ते तपासू शकतो. ‘मिडियम’ या शब्दाने ते होत नाही. एका बाजाराचं मिडियम दुसऱ्या बाजारात गोळी ठरतं.

रंगाचं वाक्य पुन्हा ऐका: ‘रंग फुटलेला, फुटका नको.’ एकाच क्रियापदाचे दोन अर्थ लागून बसलेत. रंग फुटलेला म्हणजे हिरव्या फळावर पिवळट-गुलाबी छटा यायला सुरुवात झालेली. फुटका म्हणजे साल तडकलेला. दुसऱ्याला ‘क्रॅक्ड’ हा शब्द नेमका आहे. पहिल्यासाठी टोमॅटोच्या व्यापारात अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेल्या सहा पायऱ्यांची नावं चालतात: ग्रीन, ब्रेकर, टर्निंग, पिंक, लाइट रेड, रेड. ब्रेकरमध्ये फळाच्या दहा टक्क्यांपर्यंत भागावर रंग असतो, टर्निंगमध्ये दहा ते तीस टक्के, पिंकमध्ये तीस ते साठ, लाइट रेडमध्ये साठ ते नव्वद आणि त्यावर रेड. आपला ‘रंग फुटलेला’ म्हणजे ब्रेकर ते टर्निंग. नुसता ब्रेकर शब्द वाचून कुणी बिचकेल, म्हणून शेजारी ‘३० टक्क्यांपेक्षा जास्त रंग नको’ असंही लिहा.

हा रंग कुठला, हेही लिहायला हवं. कोलारला भरतानाचा की परभणीला उतरतानाचा? हैदराबादमार्गे लांबचा पल्ला आहे, गाडीला एक दिवस-एक रात्र सहज लागते, आणि मे महिन्यात ताडपत्रीखाली माल वाटेतच पिकतो. भरताना टर्निंग असलेला टोमॅटो उतरताना गुलाबी झालेला असणार, आणि मालकाला तेच हवं असतं, कारण पुढे जिंतूर, गंगाखेड, पाथरीच्या किरकोळ विक्रेत्यांकडे तो आणखी दोन-तीन दिवस टिकला पाहिजे. ऑर्डरमध्ये रंगाशेजारी ‘भरतेवेळी’ लिहा. ते नसलं तर माल गुलाबी उतरल्यावर मालक म्हणेल चुकीचा आला आणि कोलारवाला म्हणेल मी बरोबर भरला. दोघंही खरं बोलत असतील.

खराबीचा टक्का विचारल्यावर मालक बहुतेक ‘एक पण नको’ म्हणतो. तसं लिहून पाठवलं तर समोरचा ते वाक्य मनावरच घेत नाही. नेहमी किती निघतो, किती निघाला तर तू वाद घालत नाहीस, असं फिरवून विचारा. पाच टक्के म्हणाला, तर ‘तडकलेले, दबलेले, डागी मिळून वजनाने ५ टक्क्यांपर्यंत’ असं लिहा. कोणत्या खराबीचा टक्का हे सांगितल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही.

राहिली वेळ. ‘सोमवारी रात्री दोनला’ हे परभणीच्या माणसाला लख्ख कळतं: सोमवारचा दिवस गेला, रात्र झाली, त्या रात्री दोन वाजता. आपल्या बोलण्यात दिवस सकाळी बदलतो. इंग्रजी कागदावर मात्र तारीख मध्यरात्री बदलते, त्यामुळे तीच वेळ मंगळवारी २ वाजता होते. ‘मंडे २ एएम’ लिहिलं तर गाडी चोवीस तास आधी मागवल्यासारखं झालं. रेल्वेने जाणाऱ्यांनी मध्यरात्रीनंतरच्या तिकिटाची तारीख चुकवल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. इथे चुकते ती टनावारी भाजी. वार, तारीख आणि चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ, तिन्ही लिहा. बरोबर रात्री बाराची वेळ तर कधीच देऊ नका, ती कोणत्या दिवसाची हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. २३:४५ किंवा ००:१५ द्या.

‘गाडी लागली पाहिजे’ यातही तीन वेळा दडलेल्या असतात. गाडी बाजाराच्या फाटकात शिरली ती एक, गाळ्याला मागचा फाळका लावून उभी राहिली ती दुसरी, माल उतरून झाला ती तिसरी. भाजीचा बाजार पहाटे चालू होतो, हमाल ठरलेल्या वेळेलाच मिळतात, म्हणून यांतली कोणती वेळ मालकाला हवी ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं, आणि शेवटची चालणारी वेळ वेगळी असते: ‘दोनला लागली पाहिजे, पण तीनपर्यंत चालेल, पुढं नाही.’ मग ऑर्डरमध्ये २ ते ३ अशी खिडकी लिहा आणि तीननंतर काय होणार तेही. भाव कमी होणार की माल परत जाणार, हे गाडी उशिरा आल्यावर ठरवायची गोष्ट नाही.

शेवटचं वाक्य ‘आठ दिवसांनी परत’. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा. या वेळची ऑर्डर सोमवारच्या रात्रीची, तर पुढचीही सोमवारच्याच रात्रीची. ‘आफ्टर एट डेज’ लिहिलं की ती एक दिवस पुढे सरकते. पंधरा दिवसांचंही तसंच, तिथे चौदा मोजायचे. ‘दिवसाआड’ म्हणजे एक दिवस सोडून, आणि ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही. त्यात परभणीच्या बाजारात बरीच बोलणी दखनीत चालतात आणि तिथला ‘कल’ कालही असतो नि उद्याही. असला एकही शब्द कागदावर जाऊ देऊ नका. पुढच्या खेपेची तारीख मोजून लिहा.

इतकं विचारून झाल्यावर निरोप कागदावर असा उतरतो. तारखा नमुन्यादाखल आहेत:

```
Item: Tomato
Qty: 200 crates x 15 kg net = 3,000 kg net
Size: 12-14 fruits per kg
Colour at loading: breaker to turning (max 30% colour)
Defects (cracked, bruised, spotted): max 5% by weight
Unloading bay, Parbhani: Tue 06 May, 02:00-03:00
Next: same order, Tue 13 May, 02:00-03:00
```

दीडशेचे दोनशे झाले, हे नीट पाहा. ते लिहिणाऱ्याने आपल्या मनाने केलेलं नाही. ‘तुम्हाला दीडशे नग हवेत की तीन हजार किलो?’ असं विचारल्यावर मालकाने तीन हजार किलो सांगितलं, म्हणून १५ किलोंच्या भरतीने नग दोनशे झाले. शब्दाला शब्द ठेवला असता तर दीडशेच राहिले असते, आणि माल कमी पडला असता.

हेच काम उलट्या दिशेनेही येतं. हैदराबादच्या किंवा पुण्याच्या एखाद्या किरकोळ विक्री कंपनीची इंग्रजी ऑर्डर मेलवर येते आणि ती गावातल्या भेंडीवाल्या, कोथिंबीरवाल्या शेतकऱ्यांना मराठीत सांगायची असते. इथे अडचण वेगळी. इंग्रजी कागदावर सगळं लिहिलेलं असतं, पण मराठीत आणताना त्यातले बारीक भेद सपाट होतात. ‘शल बी’ म्हणजे सक्तीचं आणि ‘प्रिफर्ड’ म्हणजे असल्यास बरं. आपण दोन्ही ठिकाणी ‘पाहिजे’ म्हणून मोकळे होतो. सक्तीला ‘पाहिजेच, नाहीतर माल परत’ आणि दुसऱ्याला ‘शक्यतो’ असं स्पष्ट सांगा. ‘फ्री फ्रॉम पेस्ट्स’ म्हणजे कीड अजिबात नको, तर ‘प्रॅक्टिकली फ्री’ म्हणजे तुरळक चालेल. प्रतवारीच्या नियमांत हे दोन्ही शब्दप्रयोग मुद्दाम वेगळे वापरलेले असतात. सगळीकडे ‘कीड नको’ सांगितलं, तर शेतकरी एकतर चालणारा माल फेकून देतो किंवा न चालणारा भरतो.

भेंडीला ‘टेंडर’ लिहिलेलं असतं. त्याला ‘नरम’ म्हणू नका, नरम भेंडी म्हणजे सुकलेली, मऊ पडलेली. आपला शब्द ‘कवळी’ आहे, आणि नको असते ती ‘जून’ किंवा ‘निबर’. शेतात तपासायची खूण सगळ्यांना माहीत आहे: शेंडा वाकवला तर कट्कन तुटला पाहिजे, नुसता वाकला तर भेंडी जून. इंग्रजीतली ‘८ ते १० सेंटिमीटर’ ही लांबी सांगताना मात्र बोटांची मापं देऊ नका, प्रत्येकाचं बोट वेगळं. तोडणाऱ्या बाईच्या हातात त्या लांबीची काडी द्या, काम भागतं. जाता जाता एक: मराठीतून इंग्रजीत जाताना ‘जून भेंडी नको’चं ‘नो भेंडी इन जून’ होणं अशक्य नाही. मोबाइलवरचं भाषांतर वाचल्याशिवाय पुढे ढकलू नये, त्याचं हे एक कारण.

कोथिंबिरीत मापच बदलतं. कंपनी किलोत मागते, आपला बाजार जुडीत आणि शेकड्यात चालतो. ‘१२० किलो’ हा आकडा शेतकऱ्याला उपयोगाचा नाही; त्याला किती जुड्या बांधायच्या ते हवं. त्याच्याच शेतातल्या दहा जुड्या काट्यावर ठेवा. कंपनीला मुळं छाटून हवी असतील तर छाटून ठेवा, कारण मुळासकट आणि मूळविना वजनात बराच फरक पडतो. दहा जुड्या दोन किलो भरल्या तर १२० किलोंना ६०० जुड्या, म्हणजे सहा शेकडे. वाटेत वजन घटतं म्हणून थोड्या जास्त बांधायच्या, पण पाणी मारून नाही. ओली कोथिंबीर गाडीत काळी पडते. आणि ‘शेकडा’ परत इंग्रजीत लिहायची वेळ आली तर ‘हंड्रेड बंचेस’ लिहा. बाजाराबाहेर शेकडा हा शब्द टक्क्यासाठीही चालतो, आणि ‘शेकडा पाच’चा अर्थ वाचणाऱ्यावर सोडणं बरं नाही.

भाजीच्या नावांकडेही एकदा नजर टाका. हैदराबादच्या ऑर्डरमध्ये ‘गोंगुरा’ दिसला तर ती आपली अंबाडी. विदर्भाच्या बाजूचा व्यापारी ‘सांबार’ मागतो तेव्हा त्याला कोथिंबीर हवी असते. इंग्रजीत ते नाव तसंच गेलं तर वाचणाऱ्याच्या ताटात डाळ येते. मोसंबीला व्यापारातल्या इंग्रजीत ‘स्वीट लाइम’ म्हणतात आणि सरकारी कागदावर ‘स्वीट ऑरेंज’. जालन्याच्या मोसंबीचं भौगोलिक मानांकनही स्वीट ऑरेंज याच नावाने आहे. नुसतं ‘ऑरेंज’ लिहिलं तर समोरचा नागपूरचं संत्रं समजेल. जिथे नावाचा घोळ होऊ शकतो तिथे भाजीचा फोटो ऑर्डरसोबत पाठवा. फोटोला भाषांतर लागत नाही.

इंग्रजी ऑर्डरमधल्या टक्क्यांचा अर्थ गावात किलोंत सांगावा. २०० किलो भेंडीत ५ टक्के म्हणजे १० किलो. पण कंपनीच्या गोदामावर सगळी भेंडी कुणी ओतून पाहत नाही. काही कॅरेटांतून नमुना काढतात. दहा किलो नमुन्यात अर्ध्या किलोच्या वर जून किंवा किडकी निघाली, की सगळ्या मालावर शेरा बसतो. म्हणून ‘वर चांगली, खाली जून’ अशी भरती इथे चालत नाही, हे शेतकऱ्यांना मराठीत सांगणं हाही भाषांतराचाच भाग आहे. पावतीवर ‘रिसिव्ह्ड’, ‘ॲक्सेप्टेड’ आणि ‘रिजेक्टेड’ असे तीन आकडे येतात. ‘पोचला’ आणि ‘घेतला’ हे दोन आकडे मराठीतही वेगळे ठेवा; पैसे दुसऱ्या आकड्याचे मिळतात.

ऑर्डर लिहून झाली की ती ज्याने निरोप ऐकलेला नाही अशा माणसाला वाचायला द्या आणि त्याच्याकडून मराठीत सांगून घ्या. तो ‘मंगळवारी पहाटे दोन ते तीन, दोनशे कॅरेट पंधराची भरती’ असं म्हणाला आणि मालकाने मान हलवली, तरच पाठवा. समोरच्याकडून नुसतं ‘ओके’ घेऊ नका. नग, एकूण किलो आणि उतरवायची वेळ हे तीन आकडे त्याने स्वतः लिहून परत पाठवले पाहिजेत, तेही गाडी भरायला लागायच्या आधी. भरलेल्या गाडीत दुरुस्ती होत नाही. नंतर फोनवर काही बदललं, तर जुन्या ऑर्डरवर खाडाखोड न करता नवी ऑर्डर नव्या तारखेने पाठवा आणि जुनी रद्द असं तिच्यात लिहा. आणि मालकाचा तो मूळ आवाजी निरोप, कितीही जागा खाल्ली तरी, हिशोबाची पट्टी येऊन पैसे चुकते होईपर्यंत फोनमधून पुसू नका.